पुरळाचा फोटो डॉक्टरांना पाठवताना: कडा, पट्टी आणि तारखा

मागच्या वर्षी सर्वपित्री अमावस्येच्या रात्री आठच्या सुमारास गावातल्या एका वहिनीने माझ्या मोबाइलवर फोटो पाठवला. सोबत एवढंच लिहिलं होतं, "ताई, लय खाजवून राह्यलं. डॉक्टरले दाखवा." फोटोत पडदाभर तपकिरी-लालसर काहीतरी होतं आणि मधोमध फ्लॅशचा पांढरा चट्टा. पोट आहे की मांडी, हे तिला रोज पाहणाऱ्या मलाही ओळखता येईना. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे आणि ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून पेशंटची डॉक्टरांशी गाठ घालून देणं हे माझं रोजचं काम आहे. घाईत मी तोच फोटो पुढे पाठवला. डॉक्टरांचे तीन प्रश्न उलट आले: कुठे आहे, केवढं आहे, कधीपासून आहे?

दुसऱ्या दिवशी, घटस्थापनेला सकाळी, आम्ही दोघींनी तिच्या छपरीत बसून पुन्हा फोटो काढले. त्यांवरून डॉक्टरांना आजाराचा अंदाज लगेच बांधता आला. ते फोटो कसे काढले, तेच इथे सांगते. पहिल्यांदाच त्वचेचा फोटो पाठवणाऱ्या घरच्या माणसाला किंवा आशाताईला हे पुरेल.

फोटो काढत बसू नये असे प्रसंग

काही वेळा फोटो काढण्यात वेळ घालवणं धोक्याचं असतं. कुठलीही गोळी किंवा इंजेक्शन घेतल्यावर अंगावर फोड आले, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा झाल्या, कातडी सोलून निघू लागली, तर लगेच दवाखाना गाठा आणि त्या औषधाचं पाकीट सोबत न्या. ओठ-चेहरा सुजला, श्वास लागतोय, तर १०८ ला फोन करा. ताप आहे आणि अंगावर लाल-जांभळे ठिपके आहेत, तर काचेच्या ग्लासाची बाजू त्यांवर दाबून आरपार पाहा. दाबल्यावरही ठिपके फिके पडत नसतील तर कातडीखाली रक्त उतरलेलं असू शकतं, तिथे थांबू नका. एखादी जागा लाल, गरम, दुखरी आहे आणि लाली तासातासाला पसरतेय, तर बॉलपेनाने तिच्या कडेला रेघ मारा, वेळ लिहा आणि निघा.

फवारणीच्या दिवसांत अंगावर औषध सांडून कातडी भाजल्यासारखी झाली आणि सोबत मळमळ, घाम, तोंडाला लाळ, धूसर दिसणं असेल, तर ती विषबाधा आहे असं समजूनच वागा. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, औषधाची बाटली किंवा तिचं लेबल घ्या आणि रुग्णालयात जा. २०१७ साली आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली आहेत. वावरात काम करणाऱ्याला ताप आला असेल तर काखेत, जांघेत, कमरेला विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली आहे का, तेही एकदा पाहा. ती स्क्रब टायफस या तापाच्या आजाराची खूण असू शकते. दिसली तर डॉक्टरांना आधी सांगा, फोटो नंतर.

बाकी खाज, चट्टे, पुटकुळ्या, आठवडे-महिने चाललेलं दुखणं, यांसाठी पुढचं वाचा.

आधी जागा जशी आहे तशी दिसू द्या

वहिनीच्या कमरेवर हळद आणि खोबरेल तेलाचा थर होता. तेलाने कातडी चमकते आणि कॅमेऱ्याला फक्त चमक दिसते, हळदीने सगळंच पिवळं दिसतं. कडुनिंबाचा लेप, चुना, जांभळं औषध, पावडर यांचंही तेच. साध्या पाण्याने हळूच धुवा आणि फडक्याने टिपून घ्या, घासू नका. खपली असेल तर ती काढू नका, कारण खपलीचा रंग आणि जाडी डॉक्टरांना पाहायची असते. धुतल्यावर किंवा खाजवल्यावर जागा थोडा वेळ जास्तच लाल दिसते, म्हणून पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. तेवढ्यात फोनची लेन्स सुती कापडाने पुसा. स्वयंपाक करताना हाताळलेल्या फोनच्या लेन्सवर तेलाचा हात लागलेला असतोच, आणि फोटो धुक्यातून काढल्यासारखा येतो.

उजेड

रात्रीच्या बल्बखाली किंवा ट्यूबखाली काढलेल्या फोटोवर रंगाचा भरवसा ठेवता येत नाही. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान छपरीत, उन्हाची तिरीप अंगावर येणार नाही पण उजेड भरपूर असेल अशा जागी बसा. दाराजवळ किंवा खिडकीजवळही चालतं. भर उन्हात मात्र नको. आपल्याकडचं ऊन इतकं कडक असतं की कातडीचा निम्मा भाग पांढरा होतो आणि निम्मा काळा. हिरव्या नेटखाली किंवा निळ्या ताडपत्रीखाली काढू नका, त्यांचा रंग अंगावर उतरतो. निळीच्या किंवा हिरव्या रंगाच्या भिंतीला चिकटून बसलं तरी थोडं तसंच होतं.

फ्लॅश बंद ठेवा. तो समोरून येतो आणि उंचसखलपणा सपाट करून टाकतो. उजेड एका बाजूने, तिरपा यायला हवा. वहिनीला आधी मी दाराकडे तोंड करून उभं केलं, तेव्हा तिच्या कमरेवरचा चट्टा नुसता डाग वाटत होता. मग तिला एका अंगाने दाराकडे वळवलं, उजेड कमरेवरून आडवा गेला, आणि चट्ट्याच्या कडेला बारीक उंचवटा दिसला. त्या उंचवट्यावर मोहरीएवढे दाणे आणि पांढरा सुटा कोंडा होता, मधली कातडी मात्र जवळजवळ सपाट होती. पाच मिनिटांपूर्वी त्याच जागेच्या फोटोत यातलं काहीच नव्हतं. शंका असेल तर जागा हळूहळू फिरवत पाहा. जिथे कडेची सावली पडते तिथे थांबा आणि फोटो घ्या.

सावळ्या-काळ्या कातडीवर लाली लाल दिसतेच असं नाही. ती जांभळट, तपकिरी, राखाडी दिसते. म्हणून "लाल नाही, म्हणजे सूज नाही" असं धरून चालू नका. शेजारच्या चांगल्या कातडीशी तुलना केली की फरक कळतो. म्हणून प्रत्येक फोटोत थोडी चांगली कातडी येऊ द्या. मागे पांढरंशुभ्र लुगडं किंवा चादर धरली की फोन उजेड जास्त समजतो आणि कातडी आणखी काळी काढतो. साधा, बिनाफुलांचा, फिका निळा किंवा राखाडी दुपट्टा मागे धरा.

तीन अंतरं

डॉक्टर समोर असते तर त्यांनी आधी पेशंटला दुरून पाहिलं असतं, मग जवळ वाकून, मग भिंग धरून. फोटोही त्याच क्रमाने काढा.

पहिला फोटो दोन हातांवरून. यात शरीराचा तो पूर्ण भाग आणि ओळखू येईल अशी एखादी खूण आली पाहिजे: बेंबी, गुडघा, कोपर, खांदा. जिथे पुरळ आहे त्याच्या उलट बाजूचाही असाच एक फोटो घ्या. दोन्ही बाजूंना सारखं आहे की एकाच बाजूला, हे डॉक्टरांना फार उपयोगी पडतं. पट्ट्यासारखं एकाच बाजूने आलेलं, फोडांचं, आग होणारं पुरळ असेल तर नागीण मनात येते. दोन्ही कोपरांच्या मागे, दोन्ही गुडघ्यांवर सारखे जाड चट्टे असतील तर विचार वेगळा होतो.

दुसरा दीड वितीवरून. यात एक संपूर्ण चट्टा आणि त्याभोवतीची चांगली कातडी. पट्टी याच फोटोत ठेवायची, ते पुढे सांगते.

तिसरा जवळून, आणि बहुतेकांचा बिघडतो तो हाच. फोन अगदी कातडीला नेला की तो धूसर होतो, कारण बहुतेक फोनना अर्ध्या वितीपेक्षा जवळचं नीट दिसत नाही. तेवढ्यावर थांबा, नाहीतर थोडं मागे येऊन दुप्पट झूम करा. पडद्यावर बोट टेकवा, पण चट्ट्याच्या मध्यावर नको, कडेवर. चौकटीत निम्मा चट्टा आणि निम्मी चांगली कातडी ठेवा. कोपर अंगाला टेकवा, श्वास रोखा, आणि एकाच जागेचे तीन फोटो काढा. मग लगेच पडद्यावर मोठा करून पाहा. अंगावरचे बारीक केस एकेक वेगळे दिसत असतील तर फोटो चालेल, दिसत नसतील तर पुन्हा काढा.

स्वतःकडे पाहणारा, म्हणजे सेल्फीचा कॅमेरा वापरू नका. काही फोनमध्ये तो डावं-उजवं उलटं करतो. ब्यूटी मोड, फिल्टर, पोर्ट्रेट सगळं बंद करा. ब्यूटी मोड पुटकुळ्या पुसून टाकतो, आणि आपल्याला त्याच दाखवायच्या असतात.

माप

पुष्कळ जण शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवतात. अडचण अशी की रुपयाची नाणी वेगवेगळ्या आकारांची चालतात, त्यामुळे डॉक्टरांना कोणतं समजायचं ते कळत नाही. नाणंच ठेवायचं तर दहाचं ठेवा, ते २७ मिलिमीटरचं असतं. त्याहून बरी ती मुलांच्या कंपास पेटीतली पट्टी. पण स्टीलची पट्टी चमकते आणि कमरेवर, दंडावर ती वाकत नाही.

मी करते ते असं: वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापते, कंपासातली पट्टी धरून त्यावर पाच सेंटिमीटरपर्यंत पेनाने खुणा करते, आणि त्याच कागदावर तारीख आणि जागा लिहिते, उदाहरणार्थ "उजवी कंबर, सकाळी १०". ही कागदी पट्टी कातडीवर चट्ट्याच्या शेजारी ठेवायची, चट्ट्यावर नाही. ती कातडीच्याच पातळीत असावी. बोटात वर धरली तर माप खोटं येतं. या कागदाचा आणखी एक फायदा होतो. कागद पांढरा आहे हे डॉक्टरांना माहीत असतं. फोटोत तो पिवळा दिसला तर उजेड पिवळा होता हे त्यांना कळतं, आणि कातडीच्या रंगाचा ते तसा हिशेब करतात. ओल्या, स्राव येणाऱ्या जागेवर वापरलेला कागद परत वापरू नका, टाकून द्या.

तारखा: पोळ्यापासून घटस्थापनेपर्यंत

"कधीपासून आहे?" विचारलं की उत्तर येतं, "झाले असतील पंधरा-वीस दिवस." तारखा कुणाच्या लक्षात राहत नाहीत, पण सण राहतात. म्हणून मी तारीख विचारतच नाही. पोळ्याला होतं का? महालक्ष्म्या बसल्या तेव्हा? निंदणाला जात होती तेव्हाच सुरू झालं की नंतर? वहिनीकडून असं विचारत विचारत जे निघालं ते मी कागदावर लिहिलं:

पोळा: परकराची नाडी बांधते तिथे उजवीकडे खाज, दहाच्या नाण्याएवढा गोल.
गणपती बसले तो दिवस: मेडिकलमधून विचारून एक ट्यूब आणली, दिवसातून दोनदा लावली.
महालक्ष्म्या: खाज जवळपास गेली, लावणं सोडलं.
विसर्जन: परत खाज, गोल आधीपेक्षा मोठा. तीच ट्यूब पुन्हा आणली.
पितृपक्षाचा मध्य: पोटावर दुसरा गोल. लावलं की कमी, सोडलं की जास्त.
सर्वपित्री: ट्यूब संपली. नवऱ्यालाही जांघेत खाज.

तिच्याच शब्दांत, "लावली का जाते, सोडली का येते." हे वाक्य मी तसंच्या तसं डॉक्टरांना लिहून पाठवलं. मग वहिनीला म्हटलं, ती ट्यूब आण. ती उकिरड्यावर टाकली होती, तिच्या मुलीने शोधून आणली. पुढच्या बाजूचा फोटो काढला, आणि मागच्या बाजूचाही, जिथे बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात. त्यात क्लोबेटासोल होतं, म्हणजे फार कडक स्टेरॉइड, आणि सोबत जंतूंचं आणि बुरशीचं औषध एकत्र.

इतकं समोर आल्यावर डॉक्टरांचं चित्र जुळलं. कडेला उंचवटा आणि कोंडा, मध्ये सपाट, नाडीच्या जागी सुरुवात, घरात दुसऱ्याला खाज, हे गजकर्णाचं रूप. स्टेरॉइडने खाज आणि लाली दबते पण बुरशी मरत नाही, पसरतच राहते. अशा दबलेल्या गजकर्णाची कड पुसट होते आणि ते इसब किंवा दुसरंच काही वाटू शकतं. ट्यूबचा फोटो नसता तर पुसट कड पाहून अंदाज चुकण्याची शक्यता होती. डॉक्टरांनी ती ट्यूब बंद करायला सांगितली, ग्रामीण रुग्णालयात कडेचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यायला पाठवलं, आणि नवऱ्यालाही सोबत न्यायला सांगितलं. ट्यूब सोडल्यावर पहिले काही दिवस खाज वाढू शकते हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं, त्यामुळे वहिनी घाबरून परत मेडिकलमध्ये गेली नाही. तुमच्या घरचं पुरळ असंच दिसत असलं तरी औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या. अंगावर गोल चट्टे उठणारे आजार पुष्कळ आहेत.

येऊन-जाऊन असणाऱ्या पुरळासाठी तारखांऐवजी तास मोजा. अंगावर गांधी उठतात आणि दवाखान्यात पोचेपर्यंत नाहीशा होतात, ही नेहमीची तक्रार. एका गांधीभोवती बॉलपेनाने गोल करा, फोटो काढा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच जागेचा फोटो काढा. साध्या पित्ताची गांध बहुधा चोवीस तासांत त्या जागेवरून जाते आणि दुसरीकडे उठते. तीच गांध त्याच जागी राहिली, दुखली किंवा जाताना डाग ठेवून गेली, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

फोटोत न येणारी गोष्ट

फिक्या किंवा तांबूस चट्ट्याच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची खूण फोटोत येतच नाही, ती म्हणजे बधिरपणा. डोळे मिटायला सांगा आणि कापसाच्या बारीक टोकाने चट्ट्यावर आणि शेजारी स्पर्श करा. कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगा. चट्ट्यावरचा स्पर्श कळत नसेल तर ते लिहा, आणि फोटोच्या उत्तराची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीला जा. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचं औषध सरकारी केंद्रात मोफत मिळतं आणि वेळेवर घेतलं तर हातापायांचं नुकसान टळतं. चंद्रपूर-गडचिरोलीकडे हा आजार अजून सापडतो, म्हणून मी फिक्या चट्ट्यावर नुसत्या फोटोवर कधी थांबत नाही. खाज आहे की आग, दुखतं का, रात्री वाढतं का, घरात आणखी कुणाला आहे का, हेही कॅमेऱ्याला दिसत नाही. ते दोन ओळींत लिहून पाठवा.

पाठवताना

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो टाकला की तो आवळला जातो आणि कडेचा कोंडा नाहीसा होतो. पेपरक्लिपच्या चिन्हावर जाऊन Document निवडा आणि तिथून फोटो पाठवा, किंवा पाठवण्याआधी वरचं HD दाबा. रेंज कमी असेल तर दहा फोटो पाठवू नका. दुरून, मधून, जवळून असे तीन, औषधाचा एक आणि तारखांच्या कागदाचा एक, एवढे पाच पुरतात. वय, मधुमेह किंवा दुसरा जुना आजार, चालू गोळ्या, आणि बाई गरोदर आहे किंवा अंगावर पाजते का, हे सोबत लिहा. यावर औषध बदलतं.

फोटो अंगाचा आहे, तो कुणाच्या हाती जातो याची काळजी घ्या. तो पेशंटच्या किंवा घरच्याच माणसाच्या फोनवर काढा. बाईच्या अंगाचा फोटो बाईनेच काढावा आणि लहान मुलाचा आई-बापासमोर. पुरळ चेहऱ्यावर नसेल तर चेहरा येऊ देऊ नका. हातावर नाव गोंदलेलं असेल तर ते कापडाने झाका, आपल्याकडच्या बायांना गोंदण्यावरूनच माणूस ओळखता येतो. गावच्या ग्रुपवर तर कधीच टाकू नका. मी स्वतः पेशंटला विचारूनच फोटो घेते आणि काम झालं की तिच्यासमोर माझ्या फोनमधून पुसते.

पुढचे फोटो

उपचार सुरू झाल्यावर रोज फोटो काढायची गरज नाही. रोज पाहिलं की बदल दिसत नाही आणि जीव घाबरतो. डॉक्टरांनी जो दिवस सांगितला त्या दिवशी, त्याच छपरीत, त्याच वेळी, त्याच बाजूने उजेड घेऊन, तेवढ्याच अंतरावरून काढा. जुना फोटो समोर ठेवला की चौकट तशीच जुळवता येते. वहिनीला पंधरा दिवसांनी परत बसवलं तेव्हा ती नाराज होती, म्हणाली, "डाग त तसाच आहे ना ताई." डाग खरंच होता, आधीपेक्षा काळपट. पण तिरप्या उजेडात कडेचा उंचवटा नव्हता, कोंडा नव्हता, आणि बोट फिरवलं तर कातडी सलग लागत होती. गजकर्ण बसल्यावर असा काळा डाग काही महिने राहू शकतो. दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाठवले. डॉक्टरांनी औषध ठरलेल्या दिवसांपर्यंत सुरूच ठेवायला सांगितलं आणि महिन्याने त्याच कडेचा फोटो पुन्हा मागितला.